‘आईवर प्रेम असेल तर कमेंट करा’ अशा पोस्ट ओळखायच्या कशा, आणि घरच्यांना समजावून सांगायचे कसे?

कृष्णाकाठची

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या आईसंबंधी हा धागा काढत आहे. माझी आजी, म्हणजे आईची आई, गेल्या वर्षी श्रावणात गेली. त्यानंतर पंधरा दिवसांत आईच्या फेसबुकवर एक पोस्ट आली. डोक्यावर पदर घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता आणि त्यावर लिहिले होते, "आईच्या दुधाची ज्याला आठवण आहे तो ‘आई’ लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. ९९ टक्के लोक न लिहिता निघून जातील." आईने ‘आई’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याच पानावरची तशीच दुसरी पोस्ट आली, मग इतर पानांवरच्याही येऊ लागल्या, आणि आई प्रत्येकीखाली लिहीत गेली.

साधारण तिसऱ्या आठवड्यात त्या पानाच्या नावाने तिला मेसेंजरवर निरोप आला की, तुमच्या भावना आम्हाला स्पर्शून गेल्या, आईच्या स्मरणार्थ एक भेट पाठवायची आहे, तरी फोन नंबर कळवावा. आईने नंबर कळवला. भेट काही आली नाही. तेव्हापासून तिला कर्ज देऊ करणारे फोन दिवसाला पाच-सहा येतात.

मी तिच्यावर रागावले, आणि ते चुकलेच. ती एवढेच म्हणाली, "न लिहिता पुढं गेलं की आईला ओलांडून गेल्यासारखं वाटतं गं." या वाक्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. अशी पोस्ट नेमकी कशावरून ओळखायची, हे मला तिला सांगता आले पाहिजे. ‘फेसबुक वापरू नकोस’ असे मी तिला सांगणार नाही, कारण तिच्या माहेरची सगळी माणसे तिथे आहेत.

पेठभाग

ताई, पहिली गोष्ट म्हणजे फोन ताबडतोब फॉरमॅट करून घ्या. अशा पोस्टखाली कमेंट केली की आपला नंबर आपोआप त्यांच्याकडे जातो आणि फोनमध्ये व्हायरस शिरतो. शिवाय प्रत्येक लाईकमागे त्या पानवाल्याला फेसबुककडून पैसे मिळतात, म्हणून तर हे सगळे चालले आहे. आईचे नाव घेऊन धंदा करणाऱ्यांची पाने दिसतील तिथे ब्लॉक करणे हाच उपाय आहे.

नोंदवही

पेठभाग यांचा राग योग्य आहे, पण त्यांच्या दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागतील, नाहीतर ताई चुकीच्या जागी बंदोबस्त करतील. मी दहा-बारा वर्षे व्यापाऱ्यांची आणि संस्थांची फेसबुक पाने सांभाळतो, त्यामुळे पानाच्या मागच्या बाजूला काय दिसते ते रोज पाहतो.

कमेंट केल्याने फोनमध्ये काही शिरत नाही, आणि नंबरही जात नाही. आईंचा नंबर गेला तो त्यांनी स्वतः पाठवला म्हणून. मात्र कमेंट केल्याने एक दार नक्की उघडते. एखाद्याने पानाच्या पोस्टखाली काही लिहिले की त्या पानाला त्या व्यक्तीच्या मेसेंजरवर सात दिवसांच्या आत एक खाजगी निरोप पाठवता येतो, जरी त्या व्यक्तीने पानाला कधी काही पाठवलेले नसले तरी. ही सोय दुकानदारांसाठी आहे, म्हणजे कोणी ‘किंमत काय’ असे विचारले तर उत्तर देता यावे म्हणून. हा एक निरोप पाठवून झाला की पुढचा पाठवता येत नाही, पण आपण त्याला उत्तर दिले की संभाषण सुरू होते. तुमच्या आईंच्या बाबतीत हेच घडले असावे. त्यांनी रोज लिहिल्यामुळे दार रोज नव्याने उघडत राहिले.

एका लाईकला अमुक पैसे, असाही हिशेब नसतो. मिळते ती गर्दी, आणि त्या गर्दीची किंमत नंतर वसूल होते. लाईक करणाऱ्यांना ‘आमचे पान फॉलो करा’ असे आमंत्रण पानाकडून पाठवता येते. गेल्या ३६५ दिवसांत ज्यांनी पानाच्या पोस्टना प्रतिसाद दिला अशा लोकांचा गट करून, केवळ त्यांनाच दिसेल अशी जाहिरात लावता येते. आणि पान पुरेसे मोठे झाले की नियमांत बसत नसतानाही ते विकले जाते, मग नाव बदलते आणि आईच्या फोटोसाठी जमलेल्या माणसांसमोर दुसराच माल मांडला जातो.

आता ‘आई’ हाच एक शब्द का मागतात, ते पाहा. तो लिहायला दोन सेकंद लागतात, आणि तरीही ती कमेंट ठरते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की मित्र आणि कुटुंबीय यांच्यात बोलणे घडवणाऱ्या पोस्ट यापुढे लोकांना अधिक दाखवल्या जातील, आणि तेव्हापासून साध्या लाईकपेक्षा कमेंटचे वजन वाढले. तुमच्या आईंनी लिहिलेली कमेंट त्यांच्या मावसबहिणीला ‘यांनी यावर लिहिले आहे’ अशा रूपात दिसू शकते. मावसबहिणीला ती आपल्याच माणसाची हाक वाटते आणि ती पोस्ट उघडते.

ताई, एक काम करा. ते पान उघडून त्याच्या माहितीच्या भागात `Page transparency` असे लिहिलेले सापडेल, तिथे जा. पान कधी सुरू झाले आणि त्याची नावे कधी कधी बदलली, हे तिथे दिसते. जे दिसेल ते इथे लिहा.

निवृत्त टपालवाला

माझी सारी नोकरी टपाल खात्यात झाली, त्यातली बरीच वर्षे सांगली आणि तासगाव भागात. त्या काळी १५ पैशांच्या पोस्टकार्डांवर संतोषीमातेच्या नावाने पत्रे यायची. ‘हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रे लिहून पाठवा, एकाने पाठवली नाहीत तर त्याचा बैल मेला, एकाने पाठवली तर त्याला नोकरी लागली’ असा मजकूर असे. पत्ता पुसट, पाठवणाऱ्याचे नाव नाही. मी ती कार्डे वाटली आहेत. ज्या घरात कार्ड पडे त्या घरातील बाई दुसऱ्या दिवशी अकरा कार्डे मागायला येई, आणि तिच्या चेहऱ्यावर भक्तीपेक्षा भीती जास्त असे.

तुमच्या आईंचे वाचून मला त्या बायका आठवल्या, पण फरकही जाणवला. कार्डात देवी रागावेल ही भीती होती. या पोस्टमध्ये देवी नाही, कोणी शाप देत नाही. इथे माणसाला त्याच्याच मनासमोर कृतघ्न ठरवले जाते, आणि कृतघ्न ठरण्याची भीती बैल मरण्याच्या भीतीपेक्षा अधिक खोल असते, असे मला वाटते. दुसरा फरक असा की पहिले कार्ड लिहिणाऱ्याच्या हाती काही पडत नव्हते. नोंदवही यांच्या सांगण्यावरून दिसते की आता पडते.

कृष्णाकाठची

सांगितल्याप्रमाणे पाहिले. पान ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाले आहे आणि तेव्हाच्या नावात ‘पूरग्रस्त’ हा शब्द होता. आमच्या दारात गुडघाभर पाणी होते त्या दिवसांत हे पान उघडले गेले, हे वाचून मी बराच वेळ फोन खाली ठेवून बसले. पुढे त्याचे नाव आईच्या सुविचारांचे झाले, नंतर शेतकऱ्यांचे, आणि आताचे नाव घरबसल्या कर्ज मिळवून देण्याविषयी आहे. चालवणाऱ्यांचे ठिकाण म्हणून केवळ भारत एवढेच दिसते.

नोंदवही

भारत एवढेच दिसणार, गाव किंवा माणूस दिसत नाही. ही त्या सोयीची मर्यादा आहे. पण नावांचा क्रम पुरेसा बोलका आहे. नाव एकदा बदलणे यात गैर काही नसते, कारण दुकान बदलते, संस्था वाढते. पूर, आई, शेतकरी आणि कर्ज यांना जोडणारा कोणताही धागा मात्र सापडत नाही, आणि जिथे तो सापडत नाही तिथे पानाला विषयाशी देणेघेणे नसते, जमलेल्या माणसांशी असते.

एक गोष्ट आणखी. जुन्या पोस्टच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर `View edit history` असा पर्याय दिसला तर तोही उघडून पाहा. हजारो कमेंट जमल्यानंतर पोस्टचा मजकूर बदलून तिथे जाहिरात घातलेली मी पाहिली आहे, म्हणजे आईंनी लिहिलेला ‘आई’ हा शब्द आता कर्जाच्या जाहिरातीखाली उभा असतो. मात्र फोटोवर लिहिलेले शब्द तिथे दिसणार नाहीत, केवळ लिहून टाकलेला मजकूर दिसेल.

मिरजेचा रक्तदाता

मला यात एक अडचण दिसते. मिरजेत इतकी रुग्णालये असल्यामुळे आमच्याकडे रक्तासाठीची आवाहने रोज येतात, आणि त्यांतही ‘माणुसकी असेल तर शेअर करा’ असे लिहिलेले असते. ते लिहिणारा रुग्णाचा भाऊ असतो, तो घाबरलेला असतो, आणि त्याला दुसरी भाषा सुचत नाही. भावनेला हात घालणारी प्रत्येक पोस्ट फसवी मानली, तर आम्ही खऱ्या माणसालाही नाकारू.

दुसरी बाजूही सांगतो. एका लहान मुलीसाठी बी निगेटिव्ह रक्त हवे आहे असा निरोप मला आला, आणि मी त्यातील नंबरवर फोन केला. पलीकडे मुलीचे वडील होते. ते शांतपणे म्हणाले की मुलगी बरी होऊन घरी येऊन आठ महिने झाले, आता ती शाळेत जाते, पण फोन थांबत नाहीत. त्या निरोपात तारीख नव्हती. लोकांनी माणुसकी म्हणून तो पुढे पाठवला आणि त्या माणसाची झोप उडाली.

नोंदवही

रक्तदाता यांनी नेमका मुद्दा काढला. भावना आहे की नाही यावरून ओळखता येणार नाही. फेसबुकने १८ डिसेंबर २०१७ रोजी अशी आमिषे दाखवणाऱ्या पोस्ट कमी लोकांना दाखवण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनीही हरवलेल्या मुलाची माहिती, एखाद्या कामासाठी निधी किंवा प्रवासाबद्दलचा सल्ला मागणाऱ्या पोस्टना यातून वगळले होते.

मी स्वतः एकच प्रश्न विचारतो. मी गप्प राहिलो, तर नुकसान कोणाचे होणार? रक्ताच्या आवाहनाकडे मी पाठ फिरवली तर रुग्णाचे नुकसान होऊ शकते. तिथे माझ्याकडून जे हवे असते ते फेसबुकच्या बाहेर घडायचे असते, म्हणजे मी रक्तपेढीत जायचे असते किंवा फोन करायचा असतो. आणि ती गरज कधीतरी संपते, म्हणून तारीख महत्त्वाची. आता ‘आई’ लिहिण्याची पोस्ट घ्या. ताईंच्या आईंनी ते लिहिले नाही तर आजींचे काय नुकसान होते? फोटोतील बाईंचे काय होते? त्या बाईंना कोणी विचारलेही नसेल. गप्प राहण्याने एक कमेंट कमी पडते ती पानाला. मागितलेली कृती पोस्टखालीच सुरू होते आणि तिथेच संपते, आणि तिला शेवटची तारीख नसते.

वाक्याची बांधणीही पाहा, कारण ती जवळजवळ ठरलेली असते. आधी असे नाते घेतात की ते नाकारणारा कोणी भेटणार नाही. मग एक फुकटची कृती त्या नात्याचा पुरावा म्हणून ठेवतात. मग, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे, ती कृती न करणे हा नाते नसल्याचा पुरावा ठरवतात. ‘९९ टक्के लोक निघून जातील’ हे वाक्य त्यासाठीच असते, त्यामागे कोणतीही मोजणी नसते. ‘तुमच्या आईची एक आठवण सांगा’ असे विचारणारी पोस्ट मला खटकत नाही, कारण ती वाचून पुढे गेलेला माणूस वाईट ठरत नाही.

मंडळ कार्यकर्ता

नमस्कार. आमचे मिरजेतील गणेश मंडळाचे पान आहे. विसर्जनाच्या स्वागत कमानीचे फोटो टाकतो, पण गेली दोन वर्षे ते फारच कमी लोकांपर्यंत जातात. या धाग्यावरून कळले की कमेंटने पोस्ट वाढते. तर ‘गणपती बाप्पा मोरया लिहा’ असे टाकले तर उपयोग होईल का, आणि दिवसातून किती वेळा टाकावे?

पेठभाग

अहो, इथे विषय काय चालला आहे, आणि तुम्ही काय विचारता?

नोंदवही

त्यांना विचारू द्या, प्रश्न उपयोगाचा आहे. ‘मोरया लिहा’ यात कोणाला दोष दिलेला नाही, त्यामुळे ज्याबद्दल आपण बोलत आहोत तो दबाव त्यात नाही. तरीही फेसबुकच्या दृष्टीने ते कमेंट मागण्याचे आमिषच आहे, आणि वारंवार तसे करणाऱ्या पानाच्या सगळ्याच पोस्ट कमी दाखवल्या जातील असे त्यांनी २०१७ मध्येच सांगितले होते. तुमच्या कमानीचे फोटोही त्यात मागे पडतील. कमान कोणी बांधली, किती दिवस लागले, यंदा देखावा कोणता, असे काही लिहा, म्हणजे ज्या गल्लीतील माणसांनी ती बांधली ती आपणहून बोलतील.

पेठभाग यांनी कदाचित विचारले असते म्हणून सांगतो की ही बंदी नव्हे. अशा पोस्ट कमी दाखवल्या जातात, काढल्या जातातच असे नाही. आणि ‘कमेंट करा’ हे शब्द टाळून ‘आई म्हणजे काय, एका शब्दात?’ असे विचारले, किंवा सगळा मजकूर फोटोवरच लिहिला, की तीच पोस्ट पुन्हा फिरताना मला दिसते. तेव्हा समोर आली म्हणजे तपासून आली असेल, असे समजू नये.

अजिंक्यताऱ्याखाली

मी साताऱ्याची. आमच्या घरात तीन पिढ्या सैन्यात आहेत, आणि साताऱ्याकडे हे नवल नाही. माझ्या धाकट्या भावाचा गणवेशातील फोटो त्याने स्वतः फेसबुकवर ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी तो फोटो एका पानाने उचलला आणि त्यावर लिहिले, "देशासाठी प्राण दिले, पण याला एक लाईक द्यायला कोणाकडे वेळ नाही." माझ्या वहिनीच्या मैत्रिणीने तो पाहून तिला फोन केला. भाऊ त्या वेळी सीमेवर होता आणि दोन दिवस त्याच्याशी बोलणे झालेले नव्हते. तो फोन लागेपर्यंतचे चार तास आमच्या घराने कसे काढले, ते मी लिहू शकत नाही.

आम्ही तक्रार केली, आणि काही दिवसांनी ती पोस्ट निघाली. पण तोपर्यंत तोच फोटो इतर पानांवर गेला होता, आणि त्यांतील किती काढले गेले ते आम्हाला आजही माहीत नाही. त्या पोस्टखाली हजारो लोकांनी ‘जय हिंद’ लिहिले होते. ती माणसे वाईट नव्हती. ‘मी गप्प राहिलो तर नुकसान कोणाचे’ हा प्रश्न मला पटला, पण त्याला जोडून आणखी एक विचारावा असे मला वाटते: फोटोतील माणूस कोण आहे, आणि हे त्याला माहीत आहे का?

निवृत्त टपालवाला

ताई, तुमचे वाचून मन हलले.

मात्र कृष्णाकाठची यांच्या आईंबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. सत्तरीकडे झुकलेली बाई दिवसातून दहा वेळा ‘आई’ असे लिहिते, यात तिला काही मिळत असेल तर ते सगळेच काढून घेऊ नये. नंबर देऊ नकोस, निरोपाला उत्तर देऊ नकोस, एवढे सांगा आणि तिला लिहू द्या.

पेठभाग

काका, आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. तिने लिहिले की ते तिच्या मावसबहिणीपर्यंत जाते, आणि मग मावसबहिणीचा नंबर जातो. फॉरमॅटचे माझे चुकले, हे मान्य करतो, पण लिहू द्या हे चूकच आहे.

नोंदवही

मी पेठभाग यांच्याकडे झुकतो, पण काका जे म्हणतात ते मला खोडून काढता येत नाही. ताई, निदान जुन्या कमेंट काढायच्या असतील तर आईंच्या प्रोफाइलवरून `Activity log` उघडा आणि त्यात `Comments and reactions` पाहा. आधी कुठे कुठे लिहिले आहे ते सगळे तिथे एकत्र सापडते आणि तिथूनच काढता येते. मेसेंजरवर त्या पानाला ब्लॉक करा. कर्जाचे फोन मात्र याने थांबणार नाहीत, कारण नंबर एकदा हाती गेला की तो पुढे कोणाकडे जातो ते आपल्याला कळत नाही.

कृष्णाकाठची

काल रात्री आईसोबत बसून सगळे पाहिले. एकसष्ट ठिकाणी ‘आई’ लिहिलेले सापडले. मी तिला बांधणी वगैरे काही सांगितले नाही, प्रत्येक पोस्ट उघडून एवढेच विचारले की, तू हे लिहिलं नसतंस तर आजीचं काय बिघडलं असतं? पहिल्या चार-पाच पोस्टना ती गप्प राहिली. मग एका ठिकाणी स्वतःच म्हणाली, "ही तर कुणाची तरी आई आहे, हिचं नाव पण नाही लिहिलं यांनी." त्यानंतर ती स्वतः काढत गेली.

साठ काढल्या, एक तिने ठेवली. त्या कमेंटखाली कवठेमहांकाळच्या तिच्या मामेबहिणीने, ‘आत्याच्या हातची शेंगांची पोळी आठवते गं’ असे लिहिले आहे, आणि पोस्ट निघाली तरी चालेल पण हे मी काढणार नाही, असे तिने सांगितले. मी त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून तिला दिला, तरी ती ऐकली नाही. काका, तुमचे म्हणणे मला त्या वेळी आठवले.

मामेबहिणीलाही आज फोन करून ते पान दाखवणार आहोत. सकाळी पुन्हा पाहिले तेव्हा त्याचे नाव आणखी एकदा बदललेले होते, आणि वरच्या पोस्टमध्ये आता एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोटो आहे.